गरोदरपणात मेण-दोरा चालेल, सुई मात्र थांबवा

पाचव्या-सहाव्या महिन्यात अनेक जणींना आरशात काहीतरी वेगळं दिसू लागतं. हनुवटीवर, ओठाच्या वर, पोटावर, कधी छातीवरही पूर्वी नव्हते असे केस दिसतात. गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे केसांच्या वाढीचा काळ लांबतो. त्यामुळे डोक्यावरचे केस दाट वाटतात, तसेच नको तिथलेही वाढतात. बाळंतपणानंतर साधारण सहा महिन्यांत हे जास्तीचे केस बहुतेकींच्या बाबतीत आपोआप कमी होतात. पण नेमकं याच सुमारास डोहाळजेवण ठरतं, फोटो काढायचे असतात, पार्लरची वेळ घ्यायची असते, आणि मग प्रश्न सुरू होतात. वॅक्सिंग चालेल का? थ्रेडिंगने काही होईल का? लेझरच्या दोन सिटिंग्ज राहिल्या आहेत, त्या उरकून घ्याव्यात का? नथ घालायची हौस आहे, नाक टोचून घेऊ का?

घरातली मोठी माणसं बरेचदा सगळ्यालाच नको म्हणतात आणि पार्लरमध्ये सगळ्यालाच चालतं म्हणतात. दोन्ही उत्तरं अपुरी आहेत. या सगळ्या गोष्टी एका रांगेत लावायच्या तर स्वतःला दोन प्रश्न विचारायचे. पहिला, यात सुई किंवा तार कातडी भेदून आत जाते का? दुसरा, जखम झालीच तर ती बाळंतपणाआधी भरेल का, आणि ती चिघळली तर लागणारं औषध या दिवसांत बिनधास्त देता येईल का? या दोन प्रश्नांवर वॅक्सिंग आणि थ्रेडिंग एका बाजूला पडतात, टॅटू आणि टोचणं दुसऱ्या बाजूला. लेझर मधे उभं राहतं. ते का, हे एकेक करून पाहू.

वॅक्सिंग : चालतं, पण त्वचा बदललेली आहे हे लक्षात ठेवून

वॅक्समुळे बाळाला काही होतं, गर्भपात होतो किंवा कळा सुरू होतात, याला आधार नाही. मेण कातडीच्या वर राहतं, केस मुळापासून उपटला जातो, एवढंच. सुरुवातीच्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी बहुतेकांचं कारण गर्भाच्या गुणसूत्रांमधला दोष हे असतं. वॅक्स केल्यानंतर दोन दिवसांनी रक्तस्राव झाला, तर त्या बाईने स्वतःला किंवा कुणी तिला दोष देऊ नये. रक्तस्राव दिसला की मात्र डॉक्टरांकडे लगेच जायचं, वॅक्स केलेलं असो वा नसो.

बदलते ती त्वचा. गरोदरपणात त्वचेकडे जाणारं रक्त वाढतं, त्यामुळे ती पटकन लाल होते, जास्त दुखते, थोड्याशा ओढीनेही खरचटते. पूर्वी ज्या तापमानाचं वॅक्स सहज सोसायचं, तेच आता भाजू शकतं. म्हणून वॅक्स पायावर लावण्याआधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघायला सांगा. घरी साखर-लिंबाचं वॅक्स करत असाल तर जास्तच जपा. साखरेचा पाक वरून निवल्यासारखा दिसला तरी आतून चटका देण्याइतका गरम असतो.

स्वच्छतेबाबत एक गोष्ट डोळ्यांनी पाहण्यासारखी आहे. वॅक्सच्या डब्यात जी पट्टी बुडवली जाते, ती तुमच्या कातडीला लावून पुन्हा त्याच डब्यात जाते का? जात असेल, तर त्या डब्यात आधीच्या गिऱ्हाइकांच्या त्वचेवरचे जंतू आहेत असं समजा. प्रत्येक वेळी नवी लाकडी पट्टी किंवा एकदाच वापरायचं रोलऑनचं पाकीट मागा. कापडी स्ट्रिप्स धुऊन पुन्हा वापरल्या जात असतील, तर कागदी, टाकाऊ स्ट्रिप्स मागायला संकोच करू नका.

चार परिस्थितींत वॅक्स टाळलेलंच बरं. पायांवर फुगलेल्या, वेटोळ्या निळ्या शिरा दिसत असतील, तर त्यांच्यावर वॅक्स नको. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं किंवा गोळ्या सुरू असतील किंवा प्लेटलेट कमी असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण ओढीने मोठे काळे-निळे डाग पडतात. मुरुमांसाठी ट्रेटिनॉइन किंवा अडापालीनचं मलम अलीकडेपर्यंत लावत असाल, तर त्या जागेवर नको. ही मलमं तशीही गरोदरपणात बंद करायला सांगतात, पण बंद केल्यावरही एक-दोन आठवडे त्वचा पातळ राहते आणि वॅक्सबरोबर वरचा थर सोलून निघतो. आणि मधुमेह असून साखर आटोक्यात नसेल तर जखम सावकाश भरते, म्हणून तेव्हाही थांबा. पोटावरच्या केसांना तर हात न लावणंच शहाणपणाचं. तिथली कातडी ताणलेली असते, दुखतंही फार, आणि ते केस बाळंतपणानंतर बहुतेक आपसूक जातात.

पार्लरच्या खाटेवर कसं झोपता, हाही मुद्दा आहे. साधारण पाच महिन्यांनंतर पाठीवर सपाट पडून राहिलं, तर वाढलेलं गर्भाशय पाठीमागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर दाब देतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि एकदम गरगरतं, घाम फुटतो, मळमळतं. असं झालं तर घाबरू नका, डाव्या कुशीवर वळा, काही क्षणांत बरं वाटतं. मुळात असं होऊच नये म्हणून उजव्या कमरेखाली एक उशी ठेवून घ्या, किंवा पायांचं वॅक्स टेकून बसून करून घ्या आणि मधे उठून दोन पावलं चाला.

वॅक्सनंतर एक-दोन दिवस लाल ठिपके राहणं नेहमीचं आहे. त्या ठिपक्यांचे पिकलेले फोड झाले तर तो केसतोड. एखाद-दुसरा असेल तर स्वच्छ पाण्याने धुऊन, कोमट फडक्याने शेकून, घट्ट कपडे टाळून तो बसतो. फोडायचा नाही. लाली पसरत चालली, भाग गरम लागू लागला किंवा १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक खूण इथेच सांगायला हवी. वॅक्स केलेल्या जागी खाज येणं वेगळं. पण शेवटच्या तीन महिन्यांत तळहात आणि तळपाय यांना, विशेषतः रात्री, पुरळ नसताना सतत खाज सुटत असेल, तर ते वॅक्सचं किंवा कोरड्या त्वचेचं आहे असं समजून तेल लावत बसू नका. यकृतातल्या पित्ताचा प्रवाह मंदावल्याचं ते लक्षण असू शकतं आणि त्याचा बाळावर परिणाम होऊ शकतो. रक्ताच्या तपासणीत ते कळतं, म्हणून लगेच डॉक्टरांना सांगा.

बिकिनी वॅक्स आणि बाळंतपणाची तयारी

नवव्या महिन्यात खालचा भाग ‘स्वच्छ’ करून जावं, नाहीतर दवाखान्यात बरं दिसणार नाही, असं अनेकींना वाटतं. याची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रसूतीबाबत दिलेल्या मार्गदर्शनात जननभागाचे केस सरसकट काढू नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. सिझेरियन करायचं असेल आणि केस खरोखर आड येत असतील, तर ते ऐन वेळी दवाखान्यात क्लिपरने कापले जातात. वस्तऱ्याने मात्र काढायचे नाहीत, कारण वस्तऱ्याच्या बारीक, डोळ्यांना न दिसणाऱ्या कापांमधून जंतू आत शिरतात आणि टाक्यांच्या जागी संसर्गाची शक्यता वाढते. वॅक्सनंतर आलेला केसतोड टाक्यांच्या रेषेत असेल तर तीच अडचण. म्हणून आठवा महिना संपत आला की या भागाचं वॅक्सिंग आणि रेझर दोन्ही थांबवा. अगदीच त्रास होत असेल तर कात्रीने किंवा ट्रिमरने केस लहान करून ठेवा. पोटामुळे खालचं दिसत नसेल तर नवऱ्याची किंवा बहिणीची मदत घ्या, अंदाजाने हात चालवू नका.

थ्रेडिंग : दोरा कुणाच्या तोंडात आहे ते बघा

भुवया आणि ओठावरचे केस काढण्यासाठी थ्रेडिंग गरोदरपणात पूर्णपणे चालतं. त्यात रसायन नाही, उष्णता नाही. जपायचं ते दोऱ्याला. अनेक ठिकाणी पार्लरवाली ताई दोऱ्याचं एक टोक दातांत धरते. तिची लाळ दोऱ्यावरून तुमच्या नुकत्याच उपटलेल्या केसांच्या छिद्रांपर्यंत जाते. थ्रेडिंगनंतर भुवयांच्या रेषेत चामखिळी किंवा पुवाचे फोड आलेले रुग्ण त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवले आहेत. उपाय सोपा आहे. रिळातून नवा दोरा काढायला सांगा आणि टोक दातांत न धरता गळ्यात अडकवून किंवा दुसऱ्या हाताने धरून करायला सांगा. अनेक जणी असं करतातच. थ्रेडिंगआधी हात धुतले आहेत ना, तेही पाहा.

दुसरा मुद्दा वांगाचा. गरोदरपणात गाल, कपाळ आणि ओठाच्या वर तपकिरी डाग येणं आपल्याकडच्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत खूप आढळतं. ओठावर वारंवार ओढाताण झाली, जळजळ झाली आणि लगेच उन्हात गेलं, तर तो भाग काळवंडतो. थ्रेडिंगनंतर थंड पाण्याची घडी ठेवा, त्या दिवशी उन्हात जायचं टाळा आणि झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन लावा. वांग आधीच दिसत असेल तर ओठाचं थ्रेडिंग लांबवून छोट्या कात्रीने किंवा फेस ट्रिमरने काम भागवा. थ्रेडिंग झाल्या झाल्या त्याच जागी ब्लीच लावायची सवय असेल, तर ती या काळात सोडा. उघड्या छिद्रांवर ब्लीच झोंबतं आणि नंतर डाग पडतो.

केस काढायच्या क्रीमबद्दल थोडक्यात. ते अधूनमधून वापरायला हरकत नाही, पण पूर्वी सोसायचं म्हणून आताही सोसेल असं नाही. कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका. वासाने मळमळत असेल तर रेझर किंवा ट्रिमर उत्तम.

लेझर : इजा झाल्याचा पुरावा नाही, तरी थांबा

लेझरचा प्रकाश केसातल्या काळ्या रंगद्रव्यात शोषला जातो, त्याची उष्णता होते आणि केसाचं मूळ जळतं. हा प्रकाश त्वचेत काही मिलिमीटरपर्यंतच जातो, गर्भाशयापर्यंत पोहोचत नाही. गरोदर असल्याचं कळण्याआधी एखादी सिटिंग झाली असेल, तर रात्रीची झोप घालवू नका. डॉक्टरांना सांगा आणि पुढच्या सिटिंग्ज थांबवा, इतकंच.

मग थांबायचं कशाला? पहिलं कारण, गरोदर स्त्रियांवर या उपचाराच्या चाचण्या झालेल्या नाहीत, आणि केस काढणं ही तातडीची गरज नाही. दुसरं कारण तुमच्या त्वचेचं. लेझरला केसातला काळा रंग आणि कातडीतला काळा रंग यांत फरक करावा लागतो. गरोदरपणात कातडीतलं रंगद्रव्य वाढलेलं असतं, त्यामुळे कातडीच उष्णता शोषून घेते आणि भाजल्याचे डाग राहतात, ते वर्षभरही टिकू शकतात. तिसरं कारण पैशांचं. या काळातले बरेच केस संप्रेरकांमुळे आलेले आणि नंतर आपोआप जाणारे आहेत. जे जाणारच आहेत त्यांच्यावर सिटिंगचे पैसे घालण्यात अर्थ नाही. शिवाय लेझरआधी मोठ्या भागावर लावलं जाणारं बधिर करणारं मलम रक्तात उतरतं, तेही या काळात नको.

आधीच्या सिटिंग्ज मधेच सोडल्या तर सगळं वाया जाईल, ही भीती बाळगू नका. जी मुळं जळाली ती जळालीच. पुढे काही सिटिंग्ज वाढतील इतकंच. घरी वापरायच्या प्रकाश-यंत्रांनाही हेच लागू, त्यांच्या माहितीपत्रकातच गरोदरपणात वापरू नये असं लिहिलेलं असतं. सुईतून वीज देऊन केस काढायची पद्धतही बाळंतपणानंतरच. बाळंतपणानंतर निदान सहा महिने जाऊ द्या, नको असलेले केस किती उरलेत ते पाहा आणि मग लेझर ठरवा. अंगावर पाजत असताना लेझर करायला अडचण नाही, फक्त स्तनांवर नको.

टॅटू आणि गोंदण : इथे स्पष्ट नको

टॅटूच्या सुया शाई त्वचेच्या दुसऱ्या थरात, साधारण एक-दोन मिलिमीटर खोल सोडतात. वेगाने आणि हजारो वेळा. त्यात थोडं रक्त येतंच. ती सुई, शाईची वाटी किंवा यंत्राची मूठ आधीच्या गिऱ्हाइकाच्या रक्ताने माखलेली असेल, तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांचे विषाणू थेट तुमच्यात येऊ शकतात. हिपॅटायटिस बीचा विषाणू तर अंगाबाहेर, वाळलेल्या रक्ताच्या डागातही सात दिवस जिवंत राहू शकतो. जत्रेत किंवा रस्त्याच्या कडेला एकाच सुईने एकामागून एक हातांवर गोंदलं जातं, तिथे हा धोका सर्वाधिक. चकचकीत स्टुडिओत तो कमी असतो, पण शाईही कधी कधी बाटलीतच जंतूंनी दूषित असते, ती बाहेरून ओळखता येत नाही. शाईतले घटक रक्तातून गर्भापर्यंत किती जातात, याचा अभ्यास झालेला नाही.

गरोदरपणात हे जास्त गंभीर का, ते समजून घ्या. मोठ्या माणसाला हिपॅटायटिस बी झाला तर शंभरातले पाचाहूनही कमी जण कायमचे वाहक होतात. पण जन्माच्या वेळी आईकडून बाळाला लागला, तर प्रतिबंध न केल्यास दहातल्या नऊ बाळांमध्ये तो कायमचा राहतो आणि पुढे यकृत खराब करतो. प्रतिबंध उपलब्ध आहे. बाळाला जन्मानंतर २४ तासांत हिपॅटायटिस बीची पहिली लस दिली जाते, आणि आईला लागण असल्याचं माहीत असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही शक्यतो पहिल्या १२ तासांत दिलं जातं. पण त्यासाठी लागण माहीत असायला हवी.

नेमकं इथेच घोळ होतो. गरोदरपणाची नोंदणी करताना एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बीची तपासणी केली जाते. तुम्ही त्यानंतर टॅटू काढला, तर तो अहवाल टॅटूआधीचा ठरतो. संसर्ग झाल्यावर तपासणीत तो दिसायला काही आठवडे लागतात. म्हणजे फाइलमध्ये ‘निगेटिव्ह’ लिहिलेलं असतं आणि डॉक्टर त्यावरच विसंबून राहतात. भारतात टॅटू काढल्यानंतर बारा महिने रक्तदान करू देत नाहीत, ते याच कारणासाठी.

टॅटू किंवा गोंदण काढून झालंच असेल, तर लपवू नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांना तारीख आणि जागा सांगा. त्या तारखेपासून साधारण तीन महिन्यांनी आणि बाळंतपण त्याआधी असेल तर प्रसूतीच्या आधी, तपासण्या पुन्हा करून घ्या. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर ती गरोदरपणातही देता येते.

कमरेवर जुना टॅटू असेल आणि कळांच्या वेळी पाठीतून भूल देतील का अशी काळजी असेल, तर ती सहसा अडचण होत नाही. भूल देणारे डॉक्टर रंग नसलेली जागा शोधतात किंवा सुईआधी कातडीला छोटीशी चीर देऊन रंग आत ढकलला जाणार नाही असं बघतात. ताजा, न भरलेला, खपली असलेला टॅटू मात्र त्या जागी सुई टोचण्यास अडथळा ठरतो. आठव्या महिन्यात हे त्यांना दाखवून ठेवा. लेझरने टॅटू काढून टाकणं हेही बाळंतपणानंतरच.

डोहाळजेवणाच्या मेंदीचं काय? मेंदीच्या पानांची साधी मेंदी चालते. टाळायची ती ‘काळी मेंदी’. तिला काळा रंग यावा म्हणून केस रंगवायचं पीपीडी हे रसायन मिसळतात, आणि त्याने फोड येऊन कायमचे डाग राहू शकतात. ओळखायची खूण अशी की साधी मेंदी आधी केशरी दिसते आणि दुसऱ्या दिवशी गडद तपकिरी होते. तासा-दोन तासांत काळीकुट्ट रंगत असेल तर ती मेंदी पानांची नाही.

टोचणं : कानाची पाळी वेगळी, बुगडीची जागा वेगळी

नवं टोचून घेणं बाळंतपणानंतरच, हा नियम सगळ्या जागांना लागू आहे. तरी जागेनुसार गांभीर्य बदलतं. कानाच्या पाळीत रक्तपुरवठा चांगला असतो, जखम सहा-आठ आठवड्यांत भरते. बुगडीसाठी कानाच्या वरच्या कडेला टोचलं तर ती कूर्चा असते, तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, आणि जखम भरायला सहा महिने ते वर्ष लागतं. बंदुकीने टोचलं तर कूर्चा चिरडते. तिथे स्युडोमोनास नावाचा जंतू शिरला तर त्यावर नेहमी दिली जाणारी तोंडाने घ्यायची औषधं म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिन आणि त्याच्या जातीची प्रतिजैविकं, आणि तीच गरोदरपणात शक्यतो टाळली जातात. उपचार लांबला तर कूर्चा विरघळून कानाचा आकारच बिघडतो. खूण लक्षात ठेवा: कानाचा वरचा भाग लाल, गरम, सुजलेला आणि फार दुखरा, पण पाळी मात्र नेहमीसारखी. असं दिसलं तर सोनाराकडे परत न जाता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

बेंबीची जखम भरायला वर्षही लागू शकतं आणि पोट तर दर आठवड्याला ताणलं जातं, म्हणून तिथे नव्याने टोचणं नकोच. जुनी, पूर्ण भरलेली बाळी असेल तर दुखेपर्यंत ठेवायला हरकत नाही. कातडी चकाकू लागली, छिद्र लांबट दिसू लागलं किंवा कपड्यात अडकू लागलं की काढून ठेवा. छिद्र बुजू नये असं वाटत असेल तर लवचीक प्लास्टिकची कांडी मिळते. स्तनाग्रातली बाळी आठव्या महिन्यात काढून टाका. दूध पाजताना ती सुटून बाळाच्या घशात जाऊ शकते.

आता नाकातली चमकी. ती जुनी आहे, भरलेली आहे, काही त्रास नाही. पण सिझेरियनच्या वेळी अंगावर धातू नको असतो, कारण रक्तस्राव थांबवायला विजेचं उपकरण वापरतात आणि धातूच्या जागी चटका बसू शकतो. भूल देताना तोंडा-नाकाजवळ काम करावं लागतं, तेव्हाही ती मधे येते. वर्षानुवर्षं न काढलेली चमकी ऐन वेळी निघत नाही. आठव्या महिन्यातच सोनाराकडून मळसूत्र सैल करून घ्या. बोटं सुजण्याआधी अंगठ्या आणि जोडवीही निघतात ना ते पाहा.

एक उदाहरण, सातव्या महिन्यातलं

समजा, तुम्हाला २८ वा आठवडा सुरू आहे आणि रविवारी डोहाळजेवण आहे. हातापायांचं वॅक्स, भुवया, ओठ, मेंदी आणि नऊवारीवर नथ असा बेत आहे. नाक टोचलेलं नाही. हनुवटीच्या लेझरच्या सहापैकी चार सिटिंग्ज दिवस राहण्याआधी झाल्या आहेत. बेंबीत जुनी बाळी आहे, आणि मनगटावर ‘आई’ असं गोंदवून घ्यायची इच्छा आहे.

वॅक्स गुरुवारी करा, म्हणजे लाल ठिपके रविवारपर्यंत बसतील. घोट्याजवळ शिरा फुगल्या असतील तर तेवढा भाग सोडून द्या. भुवया त्याच दिवशी, नव्या दोऱ्याने. ओठावर वांगाची सावली दिसत असेल तर ट्रिमर. हनुवटीचे नवे केसही ट्रिमरने. लेझर क्लिनिकला फोन करून उरलेल्या दोन सिटिंग्ज बाळंतपणानंतर घेऊ असं कळवा आणि पैसे भरलेले असतील तर मुदत वाढवल्याचं लेखी घ्या. मेंदी शनिवारी, पानांची. नथ दाबाची घ्या. टोचलेल्या नाकात घालतात तशीच दिसते, तशी बुगडीही मिळते. नव्याने टोचून रविवारी जड नथ घातली असती, तर ताज्या जखमेवर ओझं आलं असतं आणि ती चिघळायची शक्यता वाढली असती. बेंबीतली बाळी काढून छोट्या डबीत ठेवा. मनगटावरचं गोंदण बाळ मोठं होईपर्यंत थांबू शकतं.

बाळंतपणानंतर कशाची सुरुवात कधी

वॅक्स आणि थ्रेडिंग तुम्हाला उठून बसवेल तेव्हा सुरू करा. सिझेरियनच्या टाक्यांच्या आसपास मात्र जखम पूर्ण भरून डॉक्टरांनी पाहिल्यावरच. लेझर सहा महिन्यांनी. कान-नाक टोचणं अंगात ताकद आल्यावर, स्वच्छ ठिकाणी, शक्यतो बंदुकीऐवजी एकदाच वापरायच्या निर्जंतुक सुईने. स्तनाग्राला मात्र पाजणं पूर्ण थांबेपर्यंत नाही. टॅटूसाठी बाळ फक्त अंगावरच्या दुधावर असेपर्यंत थांबा, कारण तेव्हाही संसर्ग झाला तर आजारपण आईचं आणि औषधांची निवड बाळाला बघून करावी लागते. स्टुडिओत गेलात तर सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला आणि शाई नव्या वाटीत ओतायला सांगा. नाही म्हणाले तर तिथून बाहेर पडा.